बंद फ्लॅटचं फुगलेलं वीजबिल: तक्रार कोणत्या क्रमाने करायची

फ्लॅट सहा-सात महिने कुलूपबंद होता, परत आल्यावर पाहतो तर दहा-बारा हजारांचं बिल. मग माणूस विमानाची तिकिटं, सोसायटीचं पत्र आणि भरपूर संताप घेऊन वीज कार्यालयात जातो आणि "घर बंद होतं हो!" एवढंच सांगत बसतो. समोरचा कर्मचारी संगणकात बघून म्हणतो, "सिस्टीमला रीडिंग आहे, भरावं लागेल." आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याचं काही फारसं चुकत नसतं.

कारण घर बंद असणं हा पुरावा नव्हे. मीटरवरचा आकडा हा पुरावा. कुलूप लावलेल्या घरातही फ्रीज चालू राहू शकतो, गिझरचं बटण चालू राहू शकतं, वायरिंगमधून वीज गळू शकते. तेव्हा आधी आकडा पक्का करायचा आणि मग भांडायचं. बहुतेकांचा हा क्रम उलटा होतो, म्हणून सगळे टप्पे सविस्तर लिहितो.

खाली बिलावरचे शब्द आणि कार्यालयांची नावं महावितरणच्या पद्धतीची आहेत. मुंबईत वीज दुसऱ्या कंपनीची असेल तर बिलाची मांडणी वेगळी दिसेल, पण वीज नियामक आयोगाचे नियम आणि तक्रारीच्या पायऱ्या त्याच.

उदाहरणाला आमच्या इमारतीतल्या एका मावशींचं बिल घेतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. मावशी १ नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत मुलाकडे होत्या. परत आल्या तेव्हा हातात आलेल्या बिलावर १०६१ युनिट आणि अकरा हजारांच्या घरातली रक्कम होती.

टप्पा १: घरातलं काहीही चालू करण्याआधी मीटरचा फोटो

दार उघडलं की पहिला हात पंख्याच्या बटणाकडे जातो. तो आवरा. आधी खाली मीटर रूममध्ये जा.

मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी बदलतो. तारीख, वेळ, व्होल्टेज, मग युनिट. आपल्याला हवा तो kWh लिहिलेला आकडा. शेजारी MD लिहिलेला आकडा येत असेल तर तोही टिपा, त्याचा उपयोग पुढे आहे. नुसता फोटो काढू नका, एक मिनिटाचा सलग व्हिडिओ घ्या. त्यात मीटरचा क्रमांक, तारीख आणि kWh तिन्ही दिसले पाहिजेत. नुसत्या आकड्याचा फोटो कुणाच्याही मीटरचा असू शकतो, असं म्हणायला जागा ठेवायची नाही.

दशांश चिन्ह नीट पाहा. ८४७३.२ हे घाईत ८४७३२ वाचलं गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

*तपासा:* मीटरवर कोरलेला क्रमांक आणि बिलावर छापलेला मीटर क्रमांक एकच आहे का? नसेल तर तुमची तक्रार "जास्त युनिट"ची नाही, "दुसऱ्याच मीटरचं बिल"ची आहे. इथेच थांबा आणि तीच तक्रार करा. तुम्ही नसताना मीटर बदललं असेल तर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि मीटर बदलल्याचा अहवाल, दोन्हींची प्रत मागा. नवीन स्मार्ट मीटर बसवताना इमारतीतली सगळी मीटर एका दिवसात बदलतात, आणि जुन्या मीटरचा शेवटचा आकडा एखाद्याच्या नावावर चुकीचा चढू शकतो.

टप्पा २: बिल रकमेकडून नव्हे, रीडिंगकडून वाचा

रकमेकडे बघून काहीच कळत नाही. बिलावर 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' अशा दोन जागा असतात. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी LOCKED, INACCS, RNA किंवा FAULTY असं काही छापलं असेल, तर त्या महिन्यात रीडिंग झालेलंच नाही. आधीच्या वापरावरून काढलेल्या सरासरीने ते बिल आलं आहे. नियमाप्रमाणे हे अंदाजे बिल असतं. प्रत्यक्ष रीडिंग मिळालं की त्यात दुरुस्ती करून आधी आकारलेली रक्कम वळती करावी लागते.

आता मावशींचं बिल बघा. ऑक्टोबर अखेरचं रीडिंग ८४१२. नोव्हेंबर ते एप्रिल सहाही बिलांवर LOCKED आणि दरमहा १४८ युनिटची सरासरी. मेच्या बिलावर मात्र चालू रीडिंग ९४७३. म्हणजे ९४७३ वजा ८४१२, १०६१ युनिट. सात महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण १५२. मावशींच्या नेहमीच्या वापराशी हे इतकं जुळत होतं की कार्यालयात कुणालाच संशय आला नाही. "घर बंद नसणारच, भाडेकरू ठेवला असेल," असं तोंडावर ऐकायला मिळालं.

४ जूनला आम्ही मीटरचा व्हिडिओ घेतला. पडद्यावर ८४७३. मे अखेरीस ९४७३ आणि जूनमध्ये ८४७३, असं मीटर उलटं चालत नाही. रीडिंग घेणाऱ्याने पहिला अंक चुकवला होता. खरा वापर ६१ युनिट.

LOCKED या शेऱ्यात आणखी एक गंमत आहे. मावशींच्या दाराला कुलूप होतं हे खरं, पण मीटर तळमजल्यावरच्या सामाईक पॅनेलमध्ये होतं, जिथे रोज वॉचमन बसतो. दाराच्या कुलपाने मीटर 'न सापडणारं' होत नाही. तुमच्या इमारतीत असंच असेल तर अर्जात हे वाक्य आवर्जून टाका.

*सावधान:* "पुढच्या महिन्यात आपोआप दुरुस्त होईल" म्हणून वाट पाहू नका. चुकीचं मोठं रीडिंग एकदा सिस्टीममध्ये गेलं की पुढच्या महिन्याचं खरं रीडिंग त्याहून कमी भरतं. ते विसंगत ठरून पुन्हा सरासरीचं बिल येऊ शकतं. अशी चूक महिनोनमहिने पुढे सरकत राहते.

टप्पा ३: उरलेले युनिट कुठे गेले, याचं उत्तर तयार ठेवा

"६१ युनिट तरी कसे आले, घर तर बंद होतं ना?" हा प्रश्न येणारच. मावशींच्या घरात वायफायचा राउटर आणि त्याचा छोटा डबा चालूच राहिला होता. दोन्ही मिळून साधारण १२ वॅट. १२ वॅट गुणिले २४ तास गुणिले २१२ दिवस, भागिले १०००: ६१ युनिट. इतका चोख हिशेब दर वेळी लागत नाही, पण लागला की समोरच्याचा सूर बदलतो.

आता दुसरी शक्यता. मीटरवरचा आकडा बिलाशी जुळतो, म्हणजे मीटरने खरोखर तेवढे युनिट मोजले आहेत. मग रीडिंगची चूक नाही, आणि पुढची चाचणी करावीच लागते.

घरातला मेन स्विच बंद करा. मग मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. तो युनिटच्या प्रमाणात उघडझाप करतो. घरात काहीच चालू नसताना दिवा शांत राहायला हवा. दहा मिनिटं थांबून पाहा, कारण भार फारच कमी असेल तर दोन उघडझापांमध्ये बराच वेळ जातो.

मेन बंद असूनही दिवा लुकलुकतोय, तर मीटर आणि तुमचा मेन यांच्यामधून कुणीतरी वीज घेतंय, किंवा मीटर रूममध्ये वायरींची अदलाबदल झाली आहे. शेजाऱ्याला मिनिटभर त्याचा मेन बंद करायला सांगा. तुमच्या मीटरचा दिवा थांबला तर उत्तर मिळालं.

तिसरा प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो. हल्लीची बरीच सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरींतला प्रवाह मोजतात, आणि जो जास्त त्यावर युनिट धरतात. चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. पण जुन्या इमारतीत दोन फ्लॅटचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र आला असेल, तर शेजाऱ्याचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परततो आणि बंद घराच्या मीटरवर युनिट चढतात. तुमचा मेन फक्त फेज तोडणारा असेल तर तो बंद केल्यानेही हे थांबत नाही. मीटरवर 'अर्थ' किंवा 'ई-एल' असा दिवा पेटलेला दिसला तर याच बाजूने शोधा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

MD चा आकडा इथे कामाला येतो. चालू काळात एका वेळी जास्तीत जास्त किती भार होता, ते तो सांगतो. घर बंद असताना ०.१ किंवा ०.२ किलोवॅट असेल तर फ्रीजसारखं काहीतरी चालू होतं. दोनच्या वर गेला असेल तर गिझर किंवा एसी चालला आहे, राउटर नव्हे. मग किल्ली कुणाकडे होती हेही एकदा शांतपणे विचारून घ्या. अशी विचारणा करताना एका गृहस्थांना आपला भाचा दर शनिवार-रविवार मित्रांसह तिथे येत होता, हे कळलं. तक्रार तिथेच संपली.

*सावधान:* मीटरचं सील, पॅनेलचं झाकण, आतली वायर यांना स्वतः हात लावू नका. सील तुटलेलं दिसलं की विषय बिलाचा राहत नाही, वीजचोरीचा होतो. आणि मीटरच्या पुढची वायरिंग तुमची जबाबदारी आहे. गळती घरातली निघाली तर ते युनिट भरावे लागतात.

टप्पा ४: सीपीएल मागा

तुमच्या खात्याचा महिनावार उतारा, म्हणजे कन्झ्युमर पर्सनल लेजर. कार्यालयात सगळे त्याला सीपीएल म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. प्रत्येक महिन्याचं रीडिंग, मीटरची स्थिती, युनिट, आकारलेली आणि वळती केलेली रक्कम त्यात ओळीने असते. उपविभागीय कार्यालयाच्या बिलिंग विभागात लेखी मागितला की मिळतो.

त्यात दोनच गोष्टी शोधा. एक, सरासरीच्या बिलांची रक्कम प्रत्यक्ष रीडिंगच्या महिन्यात वळती झाली आहे का. दोन, साठलेले युनिट एकाच महिन्यात धरलेत की जितक्या महिन्यांचे आहेत तितक्यांत वाटलेत. घरगुती दर टप्प्यांनी चढतो: पहिले १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे सगळ्यात महाग. सात महिन्यांचे युनिट एका महिन्याचे समजले तर निम्म्याहून जास्त युनिट सगळ्यात महाग दराला जातात. म्हणजे युनिट बरोबर असूनही बिल चुकीचं असू शकतं.

घर बंद असल्याचे पुरावे आता जोडा, पण दोन-तीनच. सोसायटीच्या सचिवांचं सही-शिक्क्याचं पत्र, गॅस सिलिंडरच्या नोंदणीचा इतिहास, प्रवासाची तिकिटं. पंधरा कागद जोडले की एकही वाचला जात नाही.

टप्पा ५: अर्ज

अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा असावा. फ्लॅट घेतल्यावर बिल अजून बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावरच असेल, तर आधी नावबदल करावा लागेल, नाहीतर त्याचं संमतीपत्र लागेल. मालक परदेशी असेल तर अर्ज देणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र जोडा. या एका कारणासाठी परत पाठवलेले अर्ज सगळ्यात जास्त.

कहाणी सांगू नका. मावशींचा अर्ज साधारण असा होता:

> प्रति, अतिरिक्त कार्यकारी अभियंता, उपविभाग …
> विषय: चुकीच्या रीडिंगमुळे आलेल्या मे महिन्याच्या बिलाची दुरुस्ती. ग्राहक क्रमांक …, मीटर क्रमांक …
> १. ऑक्टोबर अखेरचं रीडिंग ८४१२. नोव्हेंबर ते एप्रिल प्रत्यक्ष रीडिंग न घेता सरासरीने बिलं दिली. मीटर तळमजल्यावरील सामाईक पॅनेलमध्ये असून तिथे जाण्यास कोणतीही अडचण नव्हती.
> २. मेच्या बिलात रीडिंग ९४७३ दाखवलं आहे. ४ जून रोजी मीटरवर प्रत्यक्ष ८४७३ आहे (छायाचित्र व व्हिडिओ सोबत).
> ३. विनंती: अ) प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी. ब) ६१ युनिट सात महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करावं. क) सरासरीच्या बिलांवरील विलंब आकार व व्याज रद्द करावं. ड) निर्णय होईपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. फोनवर १९१२ ला किंवा ॲपवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, पण शिक्क्याच्या प्रतीची जागा ती घेत नाही. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हटलं तर आवक विभागात जा. आवकला साहेब लागत नाहीत.

टप्पा ६: दरम्यान पैसे भरायचे का?

इथे दोन्हीकडून चुका होतात. काही जण घाबरून सगळं बिल भरतात आणि मग दुरुस्ती रेंगाळते. काही जण ताठरपणे एक पैसा भरत नाहीत आणि घरात अंधार होतो.

विद्युत अधिनियम २००३ चं कलम ५६ मधला मार्ग सांगतं. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी लेखी आणि पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर हरकत राखून रक्कम भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. रक्कम किती? मागणी केलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या वीज आकाराच्या सरासरीवर काढलेली रक्कम, यातली जी कमी असेल ती. ही रक्कम कार्यालयाकडूनच लेखी काढून घ्या आणि भरताना पत्रावर "हरकत राखून भरणा" असं लिहा. ऑनलाइन नुसतेच पैसे टाकले तर तुम्ही बिल मान्य केलंत असा अर्थ काढायला वाव राहतो.

आणि स्थिर आकार माफ होत नाही. शून्य युनिट आले तरी तो, अधिक त्यावरचं वीजशुल्क लागतंच. "वापर नाही तर बिल शून्य" अशी मागणी केली की खऱ्या मागणीचंही वजन जातं.

टप्पा ७: स्थळपाहणीला हजर राहा

कंपनीचा माणूस मीटर बघायला येतो, तेव्हा स्वतः खाली उतरा. त्याने कागदावर लिहिलेलं रीडिंग वाचा, मीटर क्रमांक जुळवा, मगच सही करा आणि त्या कागदाचा फोटो घ्या. मावशींच्या वेळी त्याने सवयीने बिलावरचाच आकडा अहवालात उतरवायला घेतला होता. पेन धरलेला हात तिथल्या तिथे थांबवावा लागला.

मीटरच जास्त मोजत असल्याची शंका असेल तर शुल्क भरून चाचणीची लेखी मागणी करा. जागेवर दुसरं उपकरण लावून होणारी तपासणी प्राथमिक समजा, वाद असेल तर प्रयोगशाळेची मागा. मीटर सदोष निघालं तर चाचणीच्या निकालानुसार दुरुस्ती होते, पण जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांपर्यंतच. त्यामुळे रीडिंगची चूक असताना "मीटर खराब आहे" असा अर्ज करू नका. सात महिन्यांचा हक्क असताना तुम्ही तीन महिन्यांवर येता.

टप्पा ८: दुरुस्त बिल पुन्हा तपासा

पाहणीनंतर बिलिंग विभाग दुरुस्तीचा प्रस्ताव टाकतो. महावितरणमध्ये त्याला बी-८० म्हणतात. दर आठवड्याला "माझं काय झालं?" विचारण्यापेक्षा "बी-८० टाकलाय का, मंजुरीला कुणाकडे आहे?" असं विचारा.

नवीन बिल आलं की चार गोष्टी बघा: मागील रीडिंग आता ८४७३ झालं का, युनिट महिन्यांत वाटले का, विलंब आकार आणि व्याज निघालं का, हरकत राखून भरलेली रक्कम वजा झाली का. मावशींची रक्कम पंधराशेच्या आसपास आली, पण पहिल्या दुरुस्तीत व्याज तसंच राहिलं होतं. दुसरा अर्ज द्यावा लागला.

टप्पा ९: कार्यालय हललंच नाही तर

ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे. ही मुदत कार्यालयात हेलपाटे घालताना थांबत नाही, म्हणून बिलाची तारीख डोक्यात ठेवा. मंचाचा ठराविक नमुना, शिक्क्याचा अर्ज, सीपीएल, मीटरचे फोटो आणि पाहणी अहवाल एवढं पुरतं. वकील लागत नाही. मंचाने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत.

हाच वाद आधीच ग्राहक न्यायालयात नेला असेल तर मंच तो घेत नाही. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकणाऱ्यांचं इथे हमखास अडतं.

पुन्हा गावी जाणार असाल तर

निघताना मेन बंद करून मीटरचा व्हिडिओ घ्या. फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवा. मीटर खाली असेल तर वॉचमनला किंवा शेजाऱ्याला दर महिन्याला फोटो पाठवायला सांगा आणि रीडिंगच्या काळात तो आकडा महावितरणच्या ॲपवरून स्वतः भरा. स्मार्ट मीटर बसलं असेल तर रोजचा वापर ॲपवर दिसतो. तोही पंधरवड्यातून एकदा पाहा. मावशी आता बंगळुरूहून दर एक तारखेला मला फोन करतात: "अरे, खाली जाऊन आकडा बघ बरं."